हाफ तिकिटाचा प्रश्न: प्रश्नावली नेमकी बनते कशी?

परीक्षेच्या महिनाभर आधी घरच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक फिरायला लागते. "काका, माझ्या प्रोजेक्टचा फॉर्म भरा ना, दोनच मिनिटं लागतील." नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणल्यापासून या लिंका वाढल्यात. मी त्या शक्यतो भरतो. पण दर दुसऱ्या फॉर्ममध्ये कुठेतरी बोट अडतं, कारण माझं खरं उत्तर दिलेल्या पर्यायांत नसतंच. मग मधलंच काहीतरी दाबून मी पुढे जातो. ते 'मधलंच काहीतरी' नंतर कुणाच्या तरी पाय चार्टमध्ये टक्का होऊन बसतं.

आयती आकडेवारी न घेता स्वतः लोकांकडे जाऊन माहिती गोळा करणं म्हणजे प्राथमिक संशोधन. त्यातली प्रश्नावली म्हणजे गवळ्याचं माप. माप चेपलेलं असेल तर दहा घरी दूध घाला नाहीतर हजार घरी, प्रत्येक लिटरमागे चूक तेवढीच राहते. "सर, मी पाचशे फॉर्म भरून घेतले" हे ऐकायला बरं वाटतं, पण पाचशेनं माप सरळ होत नाही.

हे माप कसं घडवायचं, ते एकाच उदाहरणावर पाहू.

## एक प्रश्न, पाच चुका

१७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना राज्याच्या हद्दीत अर्धं तिकीट लागतं. समजा, तालुक्याच्या गावी तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विषय घेतला: हाफ तिकिटानं बायकांच्या जाण्या-येण्यात काय फरक पडला? तिच्या पहिल्या खर्ड्यातला पहिला प्रश्न असा आहे:

"महिला सन्मान योजनेमुळे तुमचा प्रवास वाढला आणि पैशांची बचत झाली का? हो / नाही"

वाचायला सोपा आहे, आणि तिच्या मैत्रिणींनीही तो लगेच पास केला असेल. पण यात दोन प्रश्न एका पोत्यात भरलेत. एखादीचं जाणं वाढलं, म्हणून महिन्याचा खर्चही थोडा वाढला. तिनं हो म्हणायचं की नाही? याला दुहेरी प्रश्न म्हणतात. तो ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रश्नात 'आणि', 'किंवा', 'तसेच' दिसलं की थांबायचं आणि एका अर्ध्याला हो, दुसऱ्याला नाही म्हणणारी बाई असू शकते का ते पाहायचं.

दुसरी गोष्ट, या प्रश्नाला कोणतं उत्तर हवंय ते प्रश्नच सांगून टाकतो. कोर्टात वकील साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालतो, तसा हा सूचक प्रश्न आहे. समोर वही घेऊन बसलेली गोड पोरगी "वाढला का?" असं विचारते आहे. तिला नाही कशाला म्हणायचं?

तिसरं, 'महिला सन्मान योजना' हे जीआरमधलं नाव आहे. स्टँडवर त्याला हाफ तिकीट म्हणतात. सरकारी योजनेच्या नावानं विचारलं की काही बायकांना वाटतं, ही पोरगी सरकारकडून आलीय आणि नाही म्हटलं तर सवलत जाईल.

चौथं, हा प्रश्न सगळ्यांना लागूच होत नाही. ७५ वर्षांवरच्यांना एसटी ऑगस्ट २०२२ पासूनच मोफत आहे. शाळेच्या पासवर जाणाऱ्या मुलींचा हाफ तिकिटाशी संबंध येत नाही. त्यांनी 'नाही' म्हटलं, तर ते 'योजनेनं फरक पडला नाही' या खात्यात जमा होतं, आणि ते खोटं आहे. त्यामुळे आधी एक चाळणीचा प्रश्न हवा: तुमचं तिकीट कोणतं, हाफ, फुल, पास की मोफत? आणि त्यापुढे स्पष्ट सूचना: पास किंवा मोफत असेल तर अमुक प्रश्नावर जा.

पाचवी चूक सगळ्यांत खोल आहे. 'योजनेमुळे' या शब्दानं मुलीनं आपलं संशोधन त्या बाईवरच ढकललंय. २०२३ च्या आधी मी किती जात होते, आता किती जाते, मधे जानेवारी २०२५ ला भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं त्याचा परिणाम किती, मुलगी कॉलेजला लागली म्हणून किती, आणि हाफ तिकिटामुळे किती, हा सगळा हिशेब बाईनं उभ्या उभ्या करायचा. 'मुळे' हा शब्द निष्कर्षात शोभतो. प्रश्नात आला की समजावं, आपण कष्टाचा भाग दुसऱ्याच्या डोक्यावर दिला.

## मग विचारायचं काय?

जे तिला आठवेल आणि जे तिनं स्वतः केलंय, ते. सुधारलेले प्रश्न साधारण असे होतील:

"मागच्या सोमवारपासून कालपर्यंत तुम्ही एसटीनं किती वेळा गेलात? जाणं एक, येणं एक, असं वेगळं मोजा."

"सगळ्यांत शेवटी गेलात, ते कशासाठी?"

"त्या दिवशी तिकीट फुल लागलं असतं, तर काय केलं असतं? एसटीनंच गेले असते / वडापनं / घरातल्या कुणाच्या गाडीवर / गेलेच नसते / सांगता येत नाही"

शेवटचा प्रश्न जर-तरचा आहे आणि जर-तरच्या उत्तरांवर फार भरवसा ठेवू नये. तरी 'हाफ तिकीट नसतं तर तुमचा प्रवास कमी झाला असता का' यापेक्षा तो बरा, कारण तो परवाच्या एका खऱ्या फेरीला बांधलेला आहे. माहेरी आई आजारी होती म्हणून गेलेली बाई सांगेल, "फुल लागलं असतं तरी गेले असते." बाजाराला गेलेली म्हणेल, "मालकांनाच पाठवलं असतं." असं उत्तर पर्यायांत नसेल तर पर्याय वाढवायचा, तिला 'इतर'मध्ये ढकलून मोकळं व्हायचं नाही.

आणि 'परवाच्या' असं मी आत्ता लिहिलं, तसं प्रश्नावलीत लिहू नका. मराठीत परवा म्हणजे कालच्या आदला दिवस, उद्याच्या नंतरचा दिवस आणि 'मध्यंतरी कधीतरी', असे तीनही अर्थ होतात. 'गेल्या आठवड्यात'चंही तेच: कुणी मागचे सात दिवस धरतं, कुणी त्या आधीचा सोमवार ते रविवार. म्हणून वाराचं नाव घ्यायचं.

## सात दिवस की तीस दिवस, एवढ्यानं काय बिघडतं?

बरंच. आपल्याच देशात यावरून मोठा वाद झालाय. घरखर्च विचारताना राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात बहुतेक गोष्टींसाठी मागच्या ३० दिवसांचा खर्च विचारायची पद्धत होती. १९९० च्या दशकात तिथल्या संख्याशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही घरांना जुनीच प्रश्नावली दिली. काहींना अन्नधान्याचा खर्च ७ दिवसांचा विचारला, आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू अशा क्वचित होणाऱ्या खर्चासाठी ३६५ दिवसांचा. कोणत्या घराला कोणती प्रश्नावली, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. म्हणजे दोन्ही गटांतली घरं सारखीच. तरीही नव्या प्रश्नावलीत खर्च इतका जास्त निघाला की तीच दारिद्र्यरेषा लावली तर गरिबांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येत होतं. घरं बदलली नव्हती, ताटातलं अन्न बदललं नव्हतं. बदलला तो फक्त प्रश्न.

पुढे १९९९-२००० च्या फेरीत अन्नासाठी ७ आणि ३० दिवस हे दोन्ही रकाने एकाच घराला शेजारी शेजारी विचारले. मग माणसं स्वाभाविकपणे एका उत्तराशी दुसरं जुळवून सांगायला लागतात. त्या वर्षी गरिबी २६ टक्के निघाली. सहा वर्षांपूर्वी ती ३६ टक्के होती. त्यातली किती घट खरी आणि किती रकान्यांची करामत, यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले.

आपल्या मुलीसाठी यातला बोध साधा आहे. रोज होणारी गोष्ट थोड्या दिवसांची विचारायची, वर्षातून दोनदा होणारी मोठ्या मुदतीची. रोज दूध घालायला तालुक्याला जाणारीला सात दिवस पुरेत. माहेरी वर्षातून दोनदा जाणारीला सात दिवस विचारले तर बहुतेक वेळा शून्यच येणार. तिथे 'मागच्या दिवाळीपासून' विचारावं, कारण दिवाळी सगळ्यांच्या लक्षात असते.

## "नाही"चा घोळ

१९९२ मध्ये अमेरिकेत रोपर या संस्थेनं लोकांना विचारलं की, नाझींनी ज्यूंचा संहार केला हे 'घडलंच नसणं' तुम्हाला शक्य वाटतं की अशक्य वाटतं? २२ टक्के लोक 'शक्य' म्हणाले. देशभर खळबळ उडाली. दोन वर्षांनी त्याच संस्थेनं साध्या, सरळ भाषेत तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा संहार घडलाच नसेल असं म्हणणारे सुमारे १ टक्का निघाले. 'घडलंच नसणं अशक्य' या दुहेरी नकारात लोकांचा पाय अडकला होता.

मराठीत तर एका नकारानंच घोळ होतो. "तुम्ही रात्रीच्या बसनं जात नाही ना?" यावर एक मावशी म्हणते, "हो." म्हणजे जाते की जात नाही? दुसरी म्हणते, "नाही." तीही जात नाहीच. दोघींचं म्हणणं एक, पण फॉर्मवरच्या खुणा दोन. त्यामुळे प्रश्नात 'नाही', 'नको', 'वगळता' दिसलं की वाक्य पुन्हा लिहावं: "रात्री आठनंतरच्या बसनं तुम्ही जाता का?"

## पाच चौकोनांची पट्टी

आता मोजपट्ट्या. प्रोजेक्टांत सगळ्यांत लाडकी पट्टी म्हणजे 'पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत'. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये मांडली. एक विधान ठेवायचं आणि ते कितपत पटतं ते विचारायचं. पण लिकर्टनं एका विधानावर निकाल लावला नव्हता. एकाच विषयावरची अनेक विधानं घेऊन त्यांची बेरीज करायची, अशी मूळ कल्पना. एका विधानाला पट्टी लावली आणि 'सरासरी ३.६७' लिहिलं, की नुसता दशांश चिन्हाचा थाट होतो.

मराठीत पहिली अडचण शब्दांची आहे. 'पूर्णतः असहमत' असं आपण जेवताना कधी बोलत नाही. 'पटतं' हा आपला शब्द. एस. टी. स्टँडवरच्या आजींसमोर पाच पर्याय एका दमात वाचले तर त्यांना पहिला आणि शेवटचा तेवढा लक्षात राहतो. तिथे दोन पायऱ्या कराव्यात. आधी विचारायचं, "हे तुम्हाला पटतं की नाही पटत?" मग, "सोळा आणे, की थोडंसं?" पाच चौकोन तसेच भरतात, पण आजींना परीक्षेला बसल्यासारखं वाटत नाही.

दुसरी अडचण 'हो ला हो'ची. विधान काहीही असो, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून बरीच माणसं पटतं म्हणतात. यावर उपाय म्हणून काही विधानं उलटी टाकायला सांगतात: एक 'बसमध्ये बसायला जागा मिळते', दुसरं 'बसमध्ये उभ्यानंच जावं लागतं'. दोन्ही 'सोळा आणे' पटणारी बाई सापडली, की कळतं, ती विधान ऐकतच नाहीये. माझं मत असं की, शक्य तिथे विधानच टाळावं आणि थेट विचारावं: "शेवटच्या फेरीत बसायला जागा मिळाली का? चढल्याबरोबर / मधे कुठेतरी / शेवटपर्यंत उभ्यानं". यात पटण्या-न पटण्याचा प्रश्नच उरत नाही.

पर्यायांचे आकडे स्वतःच उत्तर ढकलतात, हेही लक्षात ठेवावं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात लोकांना विचारलं होतं की तुम्ही रोज टीव्ही किती वेळ पाहता. एका गटाला दिलेले पर्याय अर्ध्या तासापासून सुरू होऊन 'अडीच तासांपेक्षा जास्त' इथे संपत होते. दुसऱ्या गटाचे पर्याय 'अडीच तासांपर्यंत' इथून सुरू होऊन साडेचार तासांच्या पुढे जात होते. पहिल्या गटात अडीच तासांहून जास्त टीव्ही पाहणारे सुमारे १६ टक्के निघाले, दुसऱ्यात सुमारे ३८ टक्के. लोकांना तास नक्की आठवत नाहीत. ते पट्टी पाहतात, मधला पर्याय म्हणजे 'सगळ्यांसारखं' असं धरतात आणि आपण त्याच्या अलीकडे की पलीकडे ते ठरवतात. म्हणून फेऱ्यांसाठी '०–२, ३–५, ६ किंवा जास्त' असे चौकोन न देता मोकळी जागा ठेवावी आणि आकडाच लिहून घ्यावा. गट नंतर घरी बसून पाडता येतात. 'कधीकधी', 'बऱ्याचदा', 'नेहमी' हे शब्दही टाळावेत. रोज जाणारीचं 'कधीकधी' आणि माहेरवाशिणीचं 'कधीकधी' यांत महिन्यांचं अंतर असतं.

## "गाइड म्हणतात तटस्थ काढून टाक"

यावर वाद आहे आणि दोन्ही बाजूंना कारण आहे. मधला पर्याय काढला तर ज्याचं मत खरंच मधलं आहे त्याला खोटं बोलायला लावतो. ठेवला तर कंटाळलेला माणूस त्यातच लपतो. मी ठेवतो, पण त्याच्या शेजारी 'माहीत नाही' आणि 'मला लागू नाही' हे वेगळे चौकोन देतो. तटस्थ म्हणजे विचार करून मधे उभं राहणं. शिवशाहीत कधी चढलीच नाही अशी बाई शिवशाहीच्या सेवेबद्दल तटस्थ नसते. तटस्थ, माहीत नसलेली आणि लागू नसलेली, अशा तिघींना एकाच चौकोनात कोंबलं की सरासरी सुबक दिसते आणि तिला काही अर्थ राहत नाही.

## पायलट म्हणजे मैत्रिणींना वाचायला देणं नव्हे

खरं काम सुरू करण्याआधी थोड्या माणसांवर प्रश्नावली चालवून पाहणं म्हणजे पायलट. भात शिजला का ते पाहायला एक शीत दाबतो, तसंच. पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. कॉलेजातल्या मैत्रिणी या पातेल्यातल्या नाहीत; त्या प्रश्न वाचतात, स्टँडवरच्या बायका तो ऐकतात.

पहिल्या खेपेला पाच-सहा बायका पुरेत, पण प्रत्येकीला अर्धा तास द्यायचा. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि मग म्हणायचं, "मावशी, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा ना." इथे जे बाहेर येतं, ते टेबलाशी बसून कधीच सुचत नाही. 'बसचा प्रवास सुरक्षित वाटतो का' हा प्रश्न घ्या. एकीच्या मनात ड्रायव्हरचा वेग असतो, दुसरीच्या मनात गर्दीत होणारी धक्काबुक्की, तिसरीच्या मनात सात वाजता दिवे नसलेला फाटा. तिघींनी 'हो' म्हटलं तरी ते तीन वेगळ्या प्रश्नांना. मग त्याचे तीन प्रश्न करावेत, नाहीतर आपल्याला हवा तो एक निवडून नावानिशी विचारावा.

आणखी एक गंमत 'प्रवास' या शब्दाची. बऱ्याच बायकांसाठी प्रवास म्हणजे तुळजापूर, पंढरपूर, लांबचं लग्न. तालुक्याच्या बाजाराला जाणं हा प्रवास नव्हे, ती 'जाऊन आले' असते. 'या आठवड्यात किती वेळा प्रवास केला' याला ती शून्य सांगेल, आणि हातात आजच्याच बाजाराची पिशवी असेल. म्हणून वर सुधारलेल्या प्रश्नात 'गेलात' आहे. 'घरात माणसं किती' याचंही तसंच; पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आई हमखास मोजते. "एका चुलीवर जेवणारी किती?" असं विचारलं की आकडा जागेवर येतो.

दुसऱ्या खेपेला दुरुस्त फॉर्म घेऊन पंधरा-वीस जणींकडे जायचं आणि खऱ्यासारखाच, मधे न थांबता भरायचा. आता कान उत्तरांपेक्षा अडखळण्याकडे ठेवायचे. कुठे "म्हणजे?" ऐकू येतं, कुठे प्रश्न दुसऱ्यांदा वाचावा लागतो, कुठला चौकोन रिकामा राहतो, कुठल्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर येतं. वीसपैकी वीस जणींनी एकच खूण केली, तर तो प्रश्न माणसांमधला फरक दाखवत नाही. काढा किंवा बदला. या बायकांचे फॉर्म अंतिम आकड्यांत मिसळायचे नाहीत, कारण त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे होते.

## "पण आल्फा ०.७ च्या वर आलाय"

क्रॉनबाखचा आल्फा हा आकडा सांगतो की एका पट्टीतली विधानं एकमेकांशी कितपत जुळून चालतात. तो ०.७ च्या वर आला की पट्टी चांगली असं सहसा धरतात. पण चेपलेली पाच मापंही एकमेकांशी अगदी छान जुळतात. 'सुरक्षित'चा अर्थ चुकीचा लागला असेल तर ते आल्फा सांगत नाही. ते फाट्यावरची मावशी सांगते.

## "एवढं करण्यापेक्षा गूगल फॉर्म पाठवला तर?"

तो ज्यांच्यापर्यंत पोचेल त्यातल्या किती जणी एसटीनं जातात, ते आधी पाहा. शिवाय लिंकमागचं अडखळणं दिसत नाही. स्टँडवर बसूनही एक तिढा उरतोच. रोज जाणारी बाई तिथे सात दिवसांत सहादा भेटू शकते, महिन्यातून एकदा जाणारी क्वचितच. त्यामुळे स्टँडवरच्या फॉर्मवरून 'तालुक्यातल्या बायका' असं लिहिता येत नाही. 'स्टँडवर भेटलेल्या बायका' एवढंच. तालुक्याबद्दल बोलायचं असेल तर गावात घरोघर जावं लागेल.

छापायच्या आधी एक काम राहतं. अहवालात जे तक्ते येणार आहेत ते आत्ताच रिकामे आखायचे: फेरीचं कारण आडवं, 'फुल असतं तर' उभं. मग प्रत्येक प्रश्नाला विचारायचं, तू कुठल्या रकान्यात बसणार? ईमेल, धर्म, वैवाहिक स्थिती, 'एसटीबद्दल आपल्या सूचना' यांना बहुधा जागा मिळत नाही. ते सगळ्यांच्या फॉर्ममध्ये असतात म्हणून आलेले असतात. वय आणि घरचं उत्पन्न लागत असेल तर शेवटी. आणि हाफ तिकिटाचे ते तीन प्रश्न अगदी वर, कारण स्टँडवर मुलाखत संपवायची वेळ आपण ठरवत नाही. बस लागली की मावशी अर्धं वाक्य टाकून उठते.